10 एमबीची मर्यादा, 807 एमबीचा व्हिडिओ: शाळेच्या प्रोजेक्टची फाईल गिऱ्हाइकाला बसवून कशी द्यायची

या आठवड्याच्या व्हिडिओत मी शाळेच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ छोटा करायचं काम स्क्रीनवर करून दाखवलंय. पण स्क्रीनवर आकडे भराभर पुढं जातात, लिहून घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून तेच काम इथं सावकाश, आकड्यांसकट लिहितोय. ज्यांचं झेरॉक्सचं, ऑनलाइन फॉर्मचं किंवा मोबाईलचं दुकान आहे, किंवा टाकायचा विचार आहे, त्यांना हे काम घरबसल्या शिकता येतं आणि नवीन मशीनही लागत नाही.

आपल्या बिलोलीत हे गिऱ्हाईक कसं येतं बघा. कुंडलवाडी, सगरोळी, आजूबाजूच्या खेड्यांतून आई किंवा वडील पोराला घेऊन येतात. हातात मोबाईल, त्यात विज्ञान प्रकल्पाचा व्हिडिओ आणि शाळेच्या ग्रुपवर आलेली एक लिंक. "भैया, हे जाईना हो. लई मोठा आहे म्हणतंय. तेवढा कमी करून द्या." शेवटची तारीख बहुतेक वेळा आजचीच असते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर मानक योजनेची प्रदर्शनंसुद्धा कोरोनाच्या काळात ऑनलाइन झाली होती. तेव्हापासून मॉडेलसोबत व्हिडिओ मागायची सवय शाळांना लागली ती लागलीच.

बरेच दुकानदार काय करतात? व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवतात, तो आपोआप छोटा होतो, आणि तोच चढवतात. कधी बसतो, कधी बसत नाही. बसला तरी चार्टवरची अक्षरं फुटलेली असतात. गिऱ्हाईक समोर असतं म्हणून आपण "झालं" म्हणतो. परीक्षकाला मात्र काही दिसत नाही, आणि पोराची दोन आठवड्यांची मेहनत तिथं जाते. अंदाजानं करायचं हे काम नाही. याचं गणित आहे आणि ते पाचवीच्या पोराला जमेल इतकं सोपं आहे.

आधी नोटीस वाचा, मग मोबाईल हातात घ्या

गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य हे म्हणा: "शाळेचा मेसेज दाखवा." तोंडी सांगितलेल्या मर्यादेवर काम सुरू करू नका. मेसेजमध्ये तीन गोष्टी शोधायच्या: जास्तीत जास्त किती मिनिटं, किती एमबी आणि कोणत्या प्रकारची फाईल. त्यानंतर लिंक उघडून प्रत्यक्ष फॉर्ममध्ये काय लिहिलंय तेही बघायचं, कारण मेसेज आणि फॉर्म यांचं पटत नाही असं पुष्कळदा होतं.

याचं कारण समजून घ्या. शाळेचा फॉर्म बहुतेक वेळा गूगल फॉर्म असतो. त्यात फाईल मागणारा प्रश्न टाकला की फाईलची कमाल मर्यादा आपोआप 10 एमबी धरली जाते. सरांनी ती मुद्दाम ठेवलेली नसते, ती तशीच राहून जाते. बदलायची म्हटली तर 1 एमबी, 10 एमबी, 100 एमबी, 1 जीबी आणि 10 जीबी एवढेच पर्याय असतात. 25 किंवा 50 एमबी असा पर्याय नसतो. म्हणून मेसेजमध्ये "50 एमबीपर्यंत चालेल" असं असलं आणि फॉर्म 10 एमबीला अडत असला, तर गिऱ्हाइकाला म्हणा, "मॅडमना फोन लावा, प्रश्नात Maximum file size आहे तिथं 100 MB करा म्हणावं." एका फोनमध्ये अख्ख्या वर्गाची अडचण सुटते. आपलं कॉम्प्रेसचं काम गेलं असं वाटेल, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी सरळ तुमच्याच दुकानात येतं.

मॅडम नाही म्हणू शकतात आणि त्यालाही कारण असतं. फॉर्ममधून आलेल्या फाईली फॉर्म बनवणाऱ्याच्या गूगल ड्राइव्हमध्ये जातात आणि फुकटची जागा 15 जीबी असते, तीही जीमेल आणि फोटो धरून. चाळीस पोरांनी प्रत्येकी 100 एमबी टाकले तर 4 जीबी गेले. तेव्हा 10 एमबीतच बसवायचं अशी तयारी आपल्याकडं हवी.

एक उदाहरण पूर्ण करू

समजा आठवीतल्या मुलीचा प्रकल्प आहे: पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी. प्लास्टिकचा डबा, दोन वायरी, 9 व्होल्टची बॅटरी आणि बझर. व्हिडिओ वडिलांच्या मोबाईलवर काढलाय, 6 मिनिटं 20 सेकंदांचा, 1080p मध्ये. फाईल 807 एमबीची. शाळेनं मागितलंय: 3 मिनिटांपर्यंत, 10 एमबीपर्यंत, एमपी-4.

फाईल दुकानातल्या कॉम्प्युटरवर केबलनंच घ्या. मोबाईल जोडला की त्यावर नोटिफिकेशन येतं, त्यात File transfer निवडायचं. व्हॉट्सअ‍ॅपनंच घ्यायची वेळ आली तर Document म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी येते. गॅलरीतून पाठवली की ती वाटेतच एकदा दाबली जाते, मग तुम्ही परत दाबता. दोनदा पिळलेल्या उसातून रस कुठून निघणार?

आता मुख्य गोष्ट. व्हिडिओची साईझ दोनच गोष्टींवर ठरते: तो किती सेकंदांचा आहे आणि प्रत्येक सेकंदाला किती माहिती खर्च होते. दुसऱ्या गोष्टीला बिटरेट म्हणतात, तो kbps मध्ये मोजतात. 480p, 720p हे त्यानंतर येतं. नुसतं 1080p चं 480p केलं आणि बिटरेट तेवढाच ठेवला, तर फाईल तेवढीच राहते. मोबाईलनं या व्हिडिओत सेकंदाला साधारण 17,000 kbps खर्च केले आहेत. आपल्याला परवडतात किती, ते असं काढायचं:

```
एमबी × 8000 ÷ सेकंद = एकूण kbps
```

तीन मिनिटं म्हणजे 180 सेकंद धरले तर 80,000 भागिले 180, म्हणजे 444. मोबाईलच्या 17,000 समोर हे फारच कमी आहे. म्हणून आधी व्हिडिओ कापायचा. कमी केलेला प्रत्येक सेकंद उरलेल्या सेकंदांच्या वाट्याला जातो.

काय कापायचं

पोराला शेजारी बसवून कापा, आपल्या मनानं कापू नका. प्रकल्प त्याचा आहे. या व्हिडिओत सुरुवातीचं "झालं का चालू? बोल बोल" 12 सेकंद. मुख्याध्यापकांपासून सगळ्यांचे आभार 45 सेकंद. साहित्याची यादी दोनदा सांगितलीय, एकदाची काढली की 40 सेकंद. चार्ट न बोलता नुसता दाखवलाय 25 सेकंद. शेवटी कॅमेरा जमिनीकडं जातो, ते 8 सेकंद. आणि सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे डबा भरण्याचा. पावणेदोन मिनिटं पाणी ओतणं चाललंय. त्यातली सुरुवातीची 5 आणि घंटी वाजण्याआधीपासूनची 10 सेकंदं ठेवली, बाकी 90 गेली. बेरीज 220 सेकंद. उरला 160 सेकंदांचा, म्हणजे 2 मिनिटं 40 सेकंदांचा व्हिडिओ.

इथं एक काळजी घ्या. घंटी वाजते तो क्षण एकाच सलग शॉटमध्ये राहू द्या. पाणी वायरीपर्यंत चढतंय आणि लगेच आवाज येतोय हे मध्ये न कापता दिसलं पाहिजे. तिथंच कापलं तर परीक्षकाला वाटतं की घंटी कुणीतरी बाजूनं वाजवली. काही जण पाणी भरण्याचा भाग काढून टाकण्याऐवजी चौपट वेगानं पळवतात. मला ते पटत नाही. पळवलेल्या चित्रात प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा फार वेगळी असते, आणि अशा ठिकाणी बिटरेट जास्त लागतो. आपल्याकडं तर तोच कमी आहे.

तीन मिनिटांची मर्यादा आहे म्हणून 2:59 वर नेऊन ठेवू नका. 3 मिनिटं आणि अर्धा सेकंद झालेली फाईल काही ठिकाणी 3:00 च दिसते, पण मोजणाऱ्याच्या हिशोबात ती मर्यादेबाहेर असते. पाच सेकंद तरी हातात ठेवा.

कापायला विंडोज 11 मधलं Clipchamp पुरतं, मोबाईलवर करायचं असेल तर InShot किंवा VN. कापून झालेला व्हिडिओ 1080p मध्येच बाहेर काढा. इथं छोटा करायच्या मोहात पडू नका. दाबायचं काम एकदाच आणि शेवटी.

आता दाबायचं

यासाठी मी HandBrake वापरतो. फुकट आहे, व्हिडिओवर स्वतःचं नाव छापत नाही आणि हवा तो बिटरेट आकड्यात टाकू देतं. ऑनलाइन कॉम्प्रेस करणाऱ्या साइटवर मी गिऱ्हाइकाची फाईल टाकत नाही. एक तर आपल्याकडच्या नेटवर मोठी फाईल चढायलाच तास जातो, आणि दुसरं म्हणजे लोकांच्या लेकरांचे व्हिडिओ कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर कशाला?

160 सेकंदांसाठी गणित परत मांडू. 80,000 भागिले 160 म्हणजे 500. यातले पाच टक्के बाजूला ठेवायचे, कारण सॉफ्टवेअरनं गाठलेला आकडा थोडा इकडंतिकडं होतो. राहिले 475. बोलणं आणि बझर यासाठी मोनो आवाजाला 64 पुरतात. उरले 411, आपण सरळ 400 धरू.

HandBrake मध्ये फाईल ओढून टाका. Preset मध्ये Fast 480p30 घ्या आणि Format मध्ये MP4. Video टॅबवर Video Encoder H.264 (x264) आहे ना ते बघा. तिथंच Constant Quality वर असलेली खूण काढून Avg Bitrate (kbps) वर न्या आणि 400 लिहा. खाली Multi-Pass Encoding ला टिक करा, जुन्या आवृत्तीत त्याचं नाव 2-Pass Encoding आहे. यानं सॉफ्टवेअर आधी सगळा व्हिडिओ एकदा बघून घेतं आणि मग कुठं जास्त खर्च करायचा, कुठं कमी, ते ठरवतं. मुलगी उभी राहून बोलतेय तिथं काटकसर, पाणी पडतंय तिथं खर्च. वेळ जास्त जातो, पण इतक्या कमी बिटरेटला हा टिक फार कामाला येतो. Audio टॅबवर AAC, Bitrate 64, Mixdown Mono. मग Start Encode.

येणारी फाईल किती असेल हे आधीच सांगता येतं. 400 आणि 64 मिळून 464, गुणिले 160, भागिले 8, म्हणजे 9,280 केबी, साधारण 9.3 एमबी. विंडोजमध्ये हीच फाईल 9 पेक्षा जरा कमी दिसेल, कारण विंडोज 1024 च्या हिशोबानं मोजतं. म्हणून विंडोजमध्ये 9.9 दिसतंय म्हणजे बसलीच असं समजू नका. Properties मध्ये कंसात बाइट्सचा पूर्ण आकडा असतो, तो 1,00,00,000 च्या खाली हवा.

480p का, 720p का नाही? फ्रेम जितकी मोठी तितके ठिपके, आणि 400 kbps सगळ्यांत वाटायचे. 720p वर वाटले तर हलणाऱ्या जागी चौकोनी ठोकळे दिसतात. 480p वर चित्र थोडं मऊ होतं, पण स्वच्छ राहतं. मर्यादा 100 एमबी असती तर याच 160 सेकंदांना 5,000 kbps मिळाले असते आणि 1080p सुद्धा नीट बसला असता. म्हणून तो मॅडमना करायचा फोन विसरू नका.

फाईलचा प्रकार नाव बदलून बदलत नाही

आयफोनवाल्यांची फाईल .mov येते. काही जण नुसतं नाव बदलून .mp4 करतात. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही. फॉर्म नाव बघून फाईल घेईलही, पण शाळेच्या कॉम्प्युटरवर ती उघडेल याचा भरवसा नाही. आणि आपल्याकडं VLC मध्ये चालली हा पुरावा धरू नका. VLC नाव न बघता आतलं ओळखतं, त्यात जवळपास काहीही चालतं.

याहून फसवी गोष्ट म्हणजे खरोखरची .mp4, पण आत H.265, म्हणजे HEVC. आयफोन आणि बरेच नवे अँड्रॉइड जागा वाचवायला याच पद्धतीनं रेकॉर्ड करतात. जुन्या विंडोजवर अशी फाईल उघडली की आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. शाळेच्या लॅबमधले कॉम्प्युटर बहुतेक जुनेच असतात. ओळखायला MediaInfo नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर ठेवा. त्यात फाईल टाकली की व्हिडिओसमोर AVC आणि आवाजासमोर AAC दिसलं पाहिजे. AVC म्हणजेच H.264. HEVC दिसलं तर परत HandBrake.

फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, मध्ये मोकळी जागा नको. मराठी नाव काही पोर्टल घेत नाहीत आणि का घेत नाही तेही सांगत नाहीत. इयत्ता, हजेरी क्रमांक, विषय एवढं पुरतं, उदाहरणार्थ `8B_23_water_alarm.mp4`.

देण्याआधी व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पूर्ण चालवून दाखवा, नुसते पहिले दहा सेकंद दाखवून भागत नाही. बझरचा आवाज येतोय का, चार्टवरचं मोठं अक्षर वाचता येतंय का, उभा काढलेला व्हिडिओ आडवा तर पडला नाही ना, हे पोरानं स्वतः बघू द्या.

परत शूट करायची वेळ आली तर

कधी कधी व्हिडिओ इतका हलका असतो की दाबल्यावर काहीच उरत नाही. हातात धरून काढलेला, मागं लिंबाच्या झाडाची पानं हलतायत, वर पंखा फिरतोय. कॅमेरा हलला की फ्रेममधलं सगळंच हलतं, आणि तुमचे 400 kbps पानांवर आणि भिंतीवर खर्च होतात. मॉडेलच्या वाट्याला काही येत नाही. तारखेला एक दिवस असेल तर सरळ परत काढायला सांगा. मोबाईल विटांच्या किंवा डब्याच्या आधारानं स्थिर, मागं साधी भिंत किंवा एकरंगी चादर, दिवसाचा उजेड समोरून, पंखा बंद. चार्ट लांबून दाखवण्यापेक्षा त्यातला एकच भाग जवळून दाखवावा. मोबाईलपासून हाताच्या अंतरावर उभं राहून बोललं की आवाजही स्वच्छ येतो. अशा स्थिर व्हिडिओत त्याच 10 एमबीत चित्र किती सुधारतं, हे एकदा दोन्ही फाईली शेजारी शेजारी लावून बघा.

पैसे किती घ्यायचे

माझं मत सांगतो, तुमच्या गावचा भाव तुम्ही बघा. नुसता प्रकार बदलायचा आणि दाबायचं असेल तर 50 रुपये, कारण मशीन काम करत असताना तुम्ही झेरॉक्स काढू शकता. कापायचं काम असेल तर 150, कारण त्यात पाऊण तास तुम्ही खुर्चीला बांधलेले असता. एमबीवर भाव लावू नका. गिऱ्हाइकाला ते कळत नाही आणि तुमचा खर्चही एमबीप्रमाणे होत नाही. चढवून द्यायचं असेल तर ते वेगळं सांगा. फाईल मागणाऱ्या गूगल फॉर्मला जीमेलनं लॉगिन करावंच लागतं. म्हणून शक्यतो तयार फाईल त्यांच्याच मोबाईलमध्ये टाका आणि तिथूनच त्यांना चढवू द्या. दुकानाच्या कॉम्प्युटरवरून करायचंच असेल तर Incognito विंडो उघडा आणि पासवर्ड त्यांना स्वतः टाकू द्या. शेवटी Submit दाबल्यावर येणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट त्यांच्या मोबाईलमध्ये ठेवायला सांगा. फाईल चढल्याची पट्टी पूर्ण झाली म्हणजे फॉर्म गेला असं नसतं. Submit राहून गेलेले फॉर्म मी बरेच बघितलेत.

काम झालं की मूळ फाईल, कापलेली फाईल आणि दाबलेली फाईल तिन्ही गिऱ्हाइकासमोर डिलीट करा आणि Recycle Bin सुद्धा रिकामं करा. आधी विचारून घ्या, काही पालक म्हणतात, "दोन दिवस राहू द्या भैया, शाळेतून परत मागितला तर." मग त्यांच्या नावाचा फोल्डर करा, त्यावर तारीख लिहा आणि तिसऱ्या दिवशी काढून टाका.